हॉटेलच्या काउंटरवर डेबिट कार्ड देऊ नका

प्रश्न: कार्डने केलेला व्यवहार तीन दिवस झाले ‘पेंडिंग’ दाखवतोय. पैसे गेले की नाही? किती दिवस वाट बघायची?

साधी खरेदी असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत मिटतं, मध्ये सुट्टी आली तर थोडं लांबतं. कार्ड लावलं की बँक नुसता होकार देते आणि तेवढी रक्कम रोखून ठेवते. दुकानदाराकडून हिशोब गेला की पैसे खरे वळते होतात.

हॉटेलचं मात्र वेगळं असतं, आणि यावरून माझा भाऊजींशी जुना वाद आहे. महाबळेश्वरला चेक-इन करताना हॉटेलवाल्याने १०,००० रुपयांचं प्री-ऑथ मागितलं, म्हणजे बिल होण्याआधीच तेवढी रक्कम कार्डावर रोखून ठेवायची. मी म्हटलं, क्रेडिट कार्ड द्या. भाऊजी म्हणाले, “क्रेडिट म्हणजे उधारी,” आणि डेबिट कार्ड पुढे केलं. निघताना बिल झालं ७,४००. काउंटरवरच्या मुलाने त्या रोखलेल्या रकमेतूनच ७,४०० घेऊन बाकीचे सोडायला हवे होते. त्याने नव्याने कार्ड स्वाइप केलं. म्हणजे ७,४०० गेले आणि वर १०,००० अडकलेले ते अडकलेलेच. त्यात होम लोनचा हप्ता बाउन्स झाला.

बँक म्हणे हॉटेलला विचारा, हॉटेल म्हणे आमच्याकडे पैसे आलेच नाहीत. हॉटेलचं खरंच होतं. पैसे भाऊजींच्याच खात्यात होते, फक्त वापरता येत नव्हते. बँकेने तक्रारही घेतली नाही, कारण व्यवहार पेंडिंग असेपर्यंत डिस्प्यूट सहसा घेतच नाहीत. शेवटी ताईच्या पर्समध्ये चेक-इनची स्लिप सापडली. तिच्यावर APPR CODE पुढे सहा अक्षरी कोड असतो. मी तो हॉटेलच्या अकाउंट्सवाल्यांना फोनवर सांगितला आणि होल्ड रद्द करायला लावला, तेव्हा पैसे सुटले. नाहीतर असा होल्ड आपोआप सुटायला महिनाही लागू शकतो. क्रेडिट कार्ड असतं तर लिमिट अडकलं असतं, हप्ता नाही. भाऊजींना हे अजून पटत नाही.

तुमचं हॉटेलचं नसेल आणि पैसे कापले जाऊन ऑर्डर किंवा स्लिपच आली नसेल, तर तो फेल झालेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. प्री-ऑथला हा नियम लागू नाही, तिथे हॉटेलच्याच मागे लागावं लागतं.

आणि व्यवहार तुम्ही केलेलाच नसेल, तर रक्कम दहा रुपये असली तरी वाट बघू नका. पेंडिंग असतानाच कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या.