रवंथ आणि चर्वितचर्वण

प्रश्न : ‘त्याच विषयाचा रवंथ चाललाय’ आणि ‘नुसतं चर्वितचर्वण चाललंय’ यांचा अर्थ एकच का? ‘रवंथ’ हा शब्द मुळात कुठला? आणि गाय खरंच तेच तेच चघळत बसते का?

वापरात दोन्हींचा अर्थ एकच झालाय हे खरं, पण त्यात गाईवर अन्याय आहे असं माझं मत.

शब्दाचं मूळ सोपं आहे. संस्कृत ‘रोमन्थ’. ग्रामचं गाव, नामचं नाव झालं, तसाच इथेही ‘म’चा ‘व’ झाला आणि रवंथ उरला. पाणिनीने एका सूत्रात या शब्दाला जागा दिलीय. रोमन्थ करतो तो ‘रोमन्थायते’, असं क्रियापद त्यावरून सिद्ध होतं. कात्यायनाने त्याला जोड दिली की जबडा हलत असेल तरच हे रूप वापरायचं. आणि भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धांतकौमुदी’त अर्थ सांगितला : ‘चर्वितस्याकृष्य पुनश्चर्वणम्’. चावलेलं ओढून आणून पुन्हा चावणं. यातला ‘आकृष्य’, म्हणजे ओढून आणून, हा शब्द महत्त्वाचा. चर्वितचर्वणात तो नाही. तिथे घास तोंडातच घोळत राहतो. रवंथात तो आधी पोटात जाऊन आलेला असतो, आणि सगळी गंमत त्या जाऊन येण्यात आहे.

गाय चरताना नीट पाहिलीत तर ती जवळपास चावतच नाही. तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जिभेचा वेढा घालून गवत ओढायचं, खालचे दात वरच्या कडक हिरडीवर दाबून तोडायचं, दाढांखालून जेमतेम फिरवायचं आणि गिळायचं. हे सगळं कोटीपोटात जाऊन पडतं. (‘गाईला चार पोटं’ म्हणतात, पण खरं तर पोट एकच आणि कप्पे चार : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटी खरं पोट. आपल्या जठरासारखं काम करणारा कप्पा तो शेवटचा.) मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर-दीडशे लिटर माल सहज मावतो.

आता गवत म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. ते ग्लुकोजच्याच साखळ्यांचं असतं, पण ती साखळी तोडणारं विकर गाय स्वतः बनवू शकत नाही. माणसालाही ते जमत नाही. गाईने हे काम सूक्ष्मजीवांना दिलंय. कोटीपोटातल्या एका मिलिलिटर पाण्यात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात, शिवाय आदिजीव आणि बुरश्या. आत हवा जवळपास नाही, ऊब सुमारे 39 अंश सेल्सिअस आणि चारा सतत येत असतो. जिवाणू गवताला चिकटतात, साखळ्या तोडतात, साखर स्वतः फस्त करतात आणि ॲसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्लं टाकतात. ही आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात शोषली जातात, आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यांच्यातून येतो. म्हणजे गाय गवत खाते ती आधी जिवाणूंसाठी. पुढे हे जिवाणूही चाऱ्याबरोबर वाहत खऱ्या पोटात जातात, तिथे पचतात, आणि गाईला प्रथिनं मिळतात.

मग पुन्हा चावायचं कशाला? कारण जिवाणू दातांनी चावत नाहीत. ते फक्त पृष्ठभागावर काम करतात, आणि लांब काडीचा पृष्ठभाग तिच्या आकाराच्या मानाने थोडा. दुसरं कारण वाटेचं. जाळीपोटातून पडदेपोटात जाणाऱ्या तोंडातून साधारणपणे एक-दोन मिलिमीटरचे बारीक कणच पुढे सरकतात. लांब काड्या वर तरंगत राहतात, त्यांची गादीच तयार होते. ही खरखरीत गादी कोटीपोटाच्या भिंतीला टोचते आणि त्यातूनच रवंथाची प्रेरणा येते.

सावलीत बसलेल्या गाईजवळ पाच मिनिटं थांबा. ती एक श्वास घेतल्यासारखं करते, पण स्वरयंत्र मिटलेलं असतं. त्यामुळे छातीत पोकळी निर्माण होते आणि घास अन्ननलिकेत ओढला जातो. मानेच्या डाव्या बाजूने एक गोळा सरकन वर जाताना दिसेल. (‘आकृष्य’ म्हणणाऱ्या वैयाकरणाने हा गोळा पाहिला असेल असं मला वाटतं.) घासाबरोबर आलेलं पाणी ती लगेच गिळते आणि मग जबडा आडवा फिरवत साठेक वेळा चावते. मिनिटभराने घास खाली, दोन-चार सेकंद थांबून दुसरा वर. असं दिवसातून सहा ते आठ तास चालतं. आणि नेमकी तीच काडी परत आली, तरी ती मागच्या वेळची राहिलेली नसते. जिवाणूंनी तिला मऊ केलेलं असतं, गाय तिला आणखी बारीक करते.

चावताना लाळ सुटते, दिवसाला शंभर लिटर किंवा त्याहूनही जास्त. तिच्यात बायकार्बोनेट असतं, म्हणजे आपला खाण्याचा सोडा. जिवाणूंनी केलेलं आम्ल ते मारतं. ही लाळ तोकडी पडली की काय होतं ते मी मामाकडे एका पोळ्याला पाहिलंय. कौतुकाने बैलाला टोपलंभर पुरणपोळ्या चारल्या, वर कुणीतरी भिजवलेले गहू. पोळीला टोचणारी काडी नाही, म्हणून रवंथ नाही. रवंथ नाही म्हणून लाळ कमी. उलट पिठाचा स्टार्च आणि गूळ जिवाणूंना फार सोपा, ते भराभर लॅक्टिक आम्ल बनवू लागले. कोटीपोटाचा सामू, म्हणजे पीएच, एरवी सहा ते सातच्या दरम्यान असतो, तो साडेपाचाच्याही खाली घसरला की सेल्युलोज फोडणारे जिवाणू थंडावतात, आदिजीव मरतात आणि पोटाची हालचालच थांबते.

दुसऱ्या दिवशी बैल मान टाकून उभा होता, आंबूस वासाचं पातळ शेण टाकत. मामा पहिलं वाक्य बोलला ते एवढंच : “रवंथ करीना गड्या.” डॉक्टरांनी आल्या आल्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरली. निरोगी जनावरात तिथे मिनिटाला एक-दोनदा पोट मुठीला ढकलताना जाणवतं. इथे काहीच नाही, आत नुसतं पाणी डुचमळत होतं. सोडा पाजला, सलाइन लावलं, आणि शेजारच्या निरोगी बैलाच्या कोटीपोटातला रस नळीने काढून याला पाजला, म्हणजे जिवाणूंचं नवं विरजणच घातलं. तिसऱ्या दिवशी त्याने कडब्याच्या चार काड्या खाल्ल्या. संध्याकाळी मानेतून गोळा वर गेला तेव्हा मामी गोठ्यातूनच ओरडली, “अहो, रवंथ करतोय!”

म्हणून त्याच त्या मुद्द्यांवरच्या कंटाळवाण्या चर्चेला मी चर्वितचर्वणच म्हणेन. वाचलेलं काही दिवस मनात मुरू देऊन मग कुणी त्यावर पुन्हा विचार करत असेल, तर त्याला रवंथ म्हणा. आणि क्रियापद ‘रवंथ करणे’ असंच वापरा. ‘रवंथणे’ मी अजून कुणा शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.