रिटेनिंग वॉल: भूकंपाचा दाब किती, आणि लागतो कुठे

भाऊ, नागपूर झोन २ मध्ये येतं म्हणून भूकंपाचा दाब सोडून देऊ नको. ४ मीटरची कॅन्टिलिव्हर वॉल घे, मागे कोरडा मुरूम, युनिट वेट १८, फाय ३०, तर नेहमीचा थ्रस्ट मीटरमागे ४८ किलोन्यूटन, तळापासून १.३३ मीटरवर. हादऱ्यात मागची मातीची पाचरही भिंतीवर रेटते, kh ०.१ धरला तर सीड-व्हिटमनच्या सोप्या सूत्राने (०.७५ × kh) अजून साधारण ११ वाढतात. पण हे ११ वरच्या बाजूला लागतात नं, ०.६ उंचीवर, म्हणजे २.४ मीटरवर, म्हणून थ्रस्ट २२ टक्केच वाढला तरी तळाचा मोमेंट ६४ वरून ९० वर जातो! स्टील त्या ९० वर काढ. बेसमेंटची भिंत मात्र स्लॅबने धरलेली असते, सरकत नाही, तिथे अॅक्टिव्ह धरूच नको, अॅट रेस्ट घे, मग नेहमीचाच थ्रस्ट ७२ होतो, भूकंपाचं त्यावर वेगळं.