मेसेज शाबूत, फायली गायब: स्लॅकच्या जुन्या संभाषणांत काय उरतं

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या स्लॅकवर (पेड प्लॅन आहे) दोन-तीन वर्षांपूर्वीचं बोलणं व्यवस्थित वाचता येतं, पण त्यातल्या फायलींच्या जागी ‘फाइल डिलीट झाली’ असं दिसतं. आमच्यापैकी कुणीही काही पुसलेलं नाही. मेसेज राहिले आणि फायलीच का गेल्या? परत मिळतील का? मध्ये एकदा एक्सपोर्ट घेतलं होतं, त्यात असतील का?

उत्तर:

स्लॅककडून परत मिळणार नाहीत. पण तुमचं जुनं एक्सपोर्ट फेकू नका, त्याचा वेगळा उपयोग आहे. तो पुढे सांगतो.

कुणी हाताने पुसलं नसेल, तर हे जवळजवळ नक्कीच रिटेन्शनच्या सेटिंगचं काम आहे. पेड प्लॅनमध्ये मेसेज किती दिवस ठेवायचे आणि फायली किती दिवस ठेवायच्या, ही दोन वेगवेगळी सेटिंग्ज असतात. अ‍ॅडमिनने मेसेज ‘कायम’वर ठेवले आणि फायलींना एक वर्षाची मुदत दिली, तर तुम्ही वर्णन केलंय तसंच चित्र दिसतं. मुदत मोजली जाते ती फाइल अपलोड झाल्यापासून. काल कुणी ती उघडली होती का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. शिवाय मुदत कमी केली की नियम मागच्या फायलींनाही लागतो. त्यामुळे तीन वर्षांचा साठा एका सेटिंगने जाऊ शकतो, आणि ज्याने ते बदललं त्याला आपण काय केलं हे कळतही नाही. नंतर मुदत वाढवली तरी गेलेलं परत येत नाही.

मेसेज आणि फाइल असं वेगळं वागतात, कारण त्या मुळात एका ठिकाणी नसतातच. मेसेज म्हणजे डेटाबेसमधली छोटी नोंद. फाइल वेगळ्या साठ्यात जाते आणि मेसेजमध्ये तिचा फक्त पत्ता राहतो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साधारण ३ बाइट घेतं, म्हणजे शंभर चिन्हांचा मेसेज ३०० बाइटचा. ६ एमबीची एक पीडीएफ म्हणजे असे २०,००० मेसेज. साठा आवरायचा तर आधी कशाला हात लावतील हे उघड आहे. फुकट प्लॅनवर हा खर्च खरंच मोठा मुद्दा असतो. स्लॅकनेही ऑगस्ट २०२४ पासून फुकट प्लॅनवरचे एक वर्षापेक्षा जुने मेसेज आणि फायली दोन्ही पुसायला सुरुवात केली.

पेड प्लॅनवर मात्र पैशापेक्षा कायदा हे कारण मला जास्त खरं वाटतं. लोक चॅटमध्ये काय काय टाकतात बघा: ग्राहकांच्या याद्या, ओळखपत्रांचे स्कॅन, पगाराचे तक्ते. काम दोन दिवसांत संपतं, फाइल मात्र वर्षानुवर्षं पडून राहते. खातं हॅक झालं तर ती बाहेर जाते, आणि कोर्टकचेरी झाली तर जे जवळ आहे ते हजर करावं लागू शकतं. युरोपच्या जीडीपीआरमध्ये तर वैयक्तिक माहिती गरजेपेक्षा जास्त काळ ओळख पटेल अशा रूपात ठेवायची नाही, हे तत्त्वच आहे. म्हणून कंपनीचे वकील आधी फायलींना मुदत लावायला सांगतात. एकदा विचारून बघा. तुमच्याकडेही असाच निर्णय झालेला असू शकतो आणि तो तुमच्यापर्यंत पोहोचला नसेल.

आता एक्सपोर्ट. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. स्लॅकच्या एक्सपोर्टच्या झिपमध्ये फायली नसतात. प्रत्येक चॅनेलचं एक फोल्डर, त्यात दिवसागणिक एक जेसन फाइल, आणि तिच्यात अपलोडच्या लिंक. फाइल स्लॅकवरून गेली की ती लिंकही मेली. झिप उघडून त्या फोल्डरमध्ये हे चालवा:

```
grep -rhoE '"mode": *"[a-z_]+"' . | sort | uniq -c
```

कोणत्या अवस्थेतल्या किती नोंदी आहेत ते दिसेल. `hosted` म्हणजे एक्सपोर्ट घेतलं त्या दिवशी फाइल स्लॅकवर होती. `tombstone` म्हणजे तेव्हाच पुसली गेलेली होती. `external` म्हणजे फाइल मुळात स्लॅकवर नव्हतीच, गूगल ड्राइव्हसारख्या दुसऱ्या जागेची ती लिंक होती, आणि तिचं काय झालं हे तिथे जाऊनच बघावं लागेल. `hidden_by_limit` दिसलं, तर फाइल फुकट प्लॅनच्या ९० दिवसांच्या मर्यादेमुळे फक्त लपवलेली होती. पूर्वी तुम्ही फुकट प्लॅनवर असाल तरच हे दिसेल.

तुमचं एक्सपोर्ट फायली जाण्याआधीचं असेल तर `hosted` बऱ्याच निघतील. त्यांच्या लिंक आता चालणार नाहीत, पण नोंदीत `name`, `size`, `created` आणि `user` असतं. समजा नाव ‘दरपत्रक_अंतिम_३.xlsx’, आकार ४८,२१३ बाइट आणि `user` मध्ये एक आयडी आहे. तो आयडी `users.json` मध्ये शोधला की माणसाचं नाव मिळतं. मग त्याला ‘ती जुनी एक्सेल आहे का रे तुझ्याकडे?’ असं मोघम विचारावं लागत नाही. नेमकं नाव सांगता येतं, आणि मिळालेली प्रत तीच आहे की नंतर बदललेली, हे आकारावरून बऱ्यापैकी कळतं. अपलोड करणाऱ्याच्या लॅपटॉपवर किंवा पाठवलेल्या ईमेलमध्ये मूळ प्रत बरेचदा सापडते. एक्सपोर्ट नंतरचं असेल तर `tombstone` च्या नोंदीत सहसा आयडीपलीकडे काही उरत नाही. मग आजूबाजूच्या मेसेजवरून अंदाज बांधणं आलं.

ज्या फायली अजून मुदतीत आहेत त्या आजच उतरवून घ्या. एक्सपोर्टमधल्या लिंकच्या शेवटी टोकन असतं, म्हणून त्या लॉगिनशिवायही उघडतात. (याच कारणाने ती झिप कुणालाही पाठवू नका.) स्क्रिप्टने उतरवणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा: टोकन रद्द झालेलं असेल तर एरर येण्याऐवजी लॉगिनचं वेबपेज उतरतं आणि `.pdf` नावाने गुपचूप सेव्ह होतं. फोल्डर भरलेला दिसतो, आत सगळी एचटीएमएल. म्हणून उतरलेल्या प्रत्येक फायलीचा आकार जेसनमधल्या `size` शी जुळवा. सगळ्या फायली एकाच आकाराच्या दिसल्या तर तिथेच थांबा.

व्हॉट्सअ‍ॅपवरही तत्त्व तेच आहे. तिथे फोटो एन्क्रिप्ट होऊन सर्व्हरवर जातो आणि मेसेजमधून त्याचा पत्ता आणि किल्ली येते. छोटं अंधूक चित्र मेसेजबरोबरच आलेलं असतं. त्यामुळे फोटो सर्व्हरवरून गेला तरी ते धूसर चौकोन गप्पांमध्ये राहतात आणि फोटो अजून आहे असा भास होतो. तुमच्या फोनवर मूळ फोटो नसेल तर पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागण्यावाचून मार्ग नाही.

जुन्या संभाषणांचं खरं नुकसान फायलींपेक्षा त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या वाक्यांत होतं. ‘खालच्या तक्त्यातला दुसरा पर्याय घेऊ’ हे सर्चमध्ये सापडतं, पण दुसरा पर्याय काय होता ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फाइल टाकताना त्याच मेसेजमध्ये एक ओळ लिहायची सवय लावा: ‘दुसरा पर्याय: वर्षभराचा करार, तिमाही हप्ते, पूजाची मंजुरी’. फाइल लवकर जाते, ती ओळ मेसेजच्या मुदतीपर्यंत राहते. आणि करार, मंजुरी असली कागदपत्रं चॅटमध्ये अपलोड न करता कंपनीच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या. फक्त ती कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात नकोत. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये हा घोळ नेहमी होतो: चॅटमधली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये जाते, आणि माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं खातं काढलं, की मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसांनी ते वनड्राइव्ह पुसायला निघतं.

तुमच्या अ‍ॅडमिनला आज दोन गोष्टी विचारा: फायलींची मुदत सध्या किती दिवसांची आहे, आणि ती कधी बदलली. पहिल्या उत्तरावरून कळेल की उरलेल्या फायली उतरवायला किती वेळ हातात आहे. दुसऱ्यावरून कळेल की तुमचं एक्सपोर्ट त्याआधीचं आहे की नंतरचं.