बँकेचा एसएमएस हेही उत्तरच असते

प्रश्न : १० फेब्रुवारी २०२४ रोजी एटीएममध्ये खात्यातून दहा हजार वजा झाले, पण नोटा आल्याच नाहीत. ४ मार्चला माझ्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घेतली. २० मार्चला ‘व्यवहार यशस्वी, तक्रार बंद’ असा एसएमएस आला. पत्राचे उत्तर अजून नाही, स्मरणपत्रे देतोच आहे. ३० दिवस तर कधीच उलटले. आता लोकपालाकडे जाता येईल का?

उत्तर (१७ मार्च २०२५) : येईल, पण आजच्या आज तक्रार दाखल करा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेने उत्तरच दिले नाही, तर तक्रारीपासून एक वर्ष ३० दिवस मिळतात. त्या हिशेबाने तुमच्याकडे ३ एप्रिलपर्यंत वेळ दिसतो. मात्र उत्तर आले असेल, तर ते मिळाल्यापासून फक्त एक वर्ष. तो एसएमएस म्हणजे तक्रार फेटाळल्याचे उत्तर, असे बँक म्हणणारच. तसे धरले तर २० मार्चला मुदत संपते. लोकपाल एवढ्या त्रोटक मजकुराला उत्तर मानतील की नाही, हे आधी सांगता येत नाही. म्हणून जवळची तारीखच धरायची.

अशी पत्रे मला सतत येतात आणि प्रत्येकात स्मरणपत्रांची चळत असते. स्मरणपत्राने मुदत नव्याने सुरू होत नाही. तक्रार फेटाळल्यावर ३० दिवस थांबण्याचीही गरज नव्हती. एसएमएस आला त्याच दिवशी तुम्हाला जाता आले असते. वर्ष उगाच दवडलेत.

cms.rbi.org.in वर तक्रार विनाशुल्क भरता येते. स्वतःच भरा. वकिलामार्फत आलेली तक्रार लोकपाल घेत नाहीत. शाखेची पोच, एसएमएसचा स्क्रीनशॉट आणि खातेउतारा जोडा. हाच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू नसावा.

मागणी फक्त दहा हजारांची करू नका. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार फसलेल्या एटीएम व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. तुमची मुदत १५ फेब्रुवारीला संपली. १६ फेब्रुवारीपासून आजवर ३९६ दिवस होतात, म्हणजे ३९,६०० रुपये.

अर्थात व्यवहार फसला हे ठरले, तरच. त्यासाठी त्या यंत्राची इलेक्ट्रॉनिक जर्नल नोंद आणि त्या दिवसाचा रोकड ताळेबंद बँकेने सादर करावा, असे तक्रारीतच लिहा. यंत्रात दहा हजार जादा निघाले असतील, तर ते या ताळेबंदात दिसेल. सीसीटीव्हीचे चित्रण इतक्या काळानंतर मिळणे अवघड आहे, पण मागा.

तक्रार दाखल झाल्यावर बँक बहुधा तडजोडीला येईल. तेव्हा रोजच्या भरपाईचा आकडा लेखी मिळाल्याशिवाय ‘तक्रारीचे निवारण झाले’ यावर सही करू नका.