रजा धोरण तपासताना आधी काय पाहावे
धोरण हाती आले की प्रथम शिल्लक अर्जित रजेचे कलम काढा, कारण विसंगती बहुधा तिथेच सापडते. एका मसुद्यात ‘न वापरलेली अर्जित रजा ३१ मार्चला रद्द होईल’ असे होते आणि पुढच्याच पानावर, राजीनाम्यानंतर मागील वर्षांच्या साठलेल्या रजेचे पैसे देण्याची तरतूद होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगाराला ४५ दिवसांपर्यंत अर्जित रजा साठवता येते. त्यामुळे तो लागू असलेल्या आस्थापनेत पहिले वाक्य टिकणारच नाही. (वर्षाच्या ८ किरकोळ रजांपैकी उरलेल्या मात्र बुडतात.) सुबोधता नव्या कर्मचाऱ्याकडूनच तपासून घ्यावी: जूनमध्ये रुजू झालेल्याला ऑक्टोबरात किती रजा मिळेल, हे त्याला कोणालाही न विचारता काढता आले पाहिजे.