आजीचा बुधवार

अगं,

आजीच्या एका दिवसावरचा तुझा निबंध वाचला. "काका, बारा पानं झाली पण काहीच सांगितल्यासारखं वाटत नाही" असं लिहिलंयस, ते खरंय. पहिल्या दोन पानांवर सिडको, वाशीचा पूल, विमानतळ, सगळं येऊन गेलं आणि आजी अजून झोपलेलीच आहे. ती दोन पानं काढ.

मग तिसऱ्या पानावरचं वाक्य. "पूर्वी आजी रोज सकाळी दहाला खाडीत उतरायची." रोज? दहाला? दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली नात असं लिहिते तेव्हा मला राग येतो, खरं सांगतो. पाणी रोज पाऊण तास उशिरा येतं. आपल्याकडे साधा हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पंचमीला आजी निवट्या, चिंबोऱ्या धरायला दहाच्या सुमारास चिखलात आणि दशमीला दुपारी दीड-पावणेदोनला. तिला दहा वाजण्याशी काही देणंघेणं नव्हतं, वेळ खाडी ठरवायची.

आता प्रत्येक तासाला एकच प्रश्न विचार: हा तास कोणी ठरवला? बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

तू निवडलेला बुधवार पंचमीचा आहे, पंचांगात पाहिलं मी. दिवस चांगलाय. सोमवार किंवा गुरुवार घेतला असतास तर अर्ध्या गिऱ्हाइकांचा उपासच, संकष्टी असती तर विचारूच नको. साधा दिवस म्हणजे ज्या दिवशी धंदा साधा होतो तो.

अडीचला आजी उठते. कोणी ठरवलं? भाऊच्या धक्क्यावरच्या मासळीच्या लिलावाने. चौघीजणी टेम्पो करून निघतात, पावणेचारच्या सुमारास वाशीच्या पुलावर. इथे थांब जरा. याच वेळेला खाली खाडी तुडुंब भरलेली आहे आणि आजी पाटीवर डोकं टेकून झोपलीय. 1973 चा पहिला पूल हवाच असेल तर इथे एका वाक्यात घाल, टेम्पोचं चाक त्यावरून जाऊ दे, पहिल्या पानावर तो नुसता उभा राहतो.

लिलावाचं तू छान लिहिलंयस, बोली कशी वाढते, बर्फ कोण आणतो, त्या भागाला हात लावणार नाही. सातला परत, तुझ्या भावाचा डबा, कारण त्याची लोकल ठरलेली. तो तास कंपनीने ठरवला. आठ ते नऊ काही नाही, तर काही नाही लिहू नकोस, उडी मार. चोवीसही तास भरायला ही काय हजेरी आहे का?

आणि मग दहा. इथे तू फक्त "आजी पाटावर बसून कोलंबी सोलते" लिहून पुढे गेलीस! अगं, हीच ती ओहोटी. पाणी उतरलंय, चिखल उघडा पडलाय, आणि खाडीची बाई धक्क्यावरून विकत आणलेली कोलंबी सोलतेय. दोन घड्याळं इथे समोरासमोर येतात. त्या दिवशी खाडीचं पाणी किती वाजता उतरलं एवढं लिही आणि तिचे हात दाखव. "बदल" हा शब्द आला तर मी खोडणार. आणि तिला बिचारी करू नकोस हं, लिलावात ती कोणाला ऐकत नाही हे तूच लिहिलंयस.

एकदा एका संपादकांनी मला सांगितलं होतं, सुरुवातीला आकडे टाका म्हणजे लेखाला वजन येईल. मी नाही म्हटलं, सदर गेलं. आजही नाहीच म्हणेन. हट्टी म्हणतात मला, म्हणू देत. पण हळहळ आहे ती वेगळीच. माझे वडील ठाण्यात वागळे इस्टेटला तीन पाळ्यांत काम करायचे, आमच्या घरातलं जेवण, झोप, भांडण सगळं पाळीप्रमाणे हलायचं, आणि त्यांचा एक दिवस लिहून घ्यायचा राहिला. आता विचारायला ते नाहीत. म्हणून तुझ्यामागे लागलोय, आजी आहे तोवर.

संध्याकाळी सहा ते आठ भरपूर लिही. ऑफिस सुटल्यावरची गिऱ्हाइकं, साफ करून द्या, काटे नकोत, हे तासही तिने ठरवलेले नाहीत. नऊनंतर तू जी कल्पना केलीस की ती खाडीकडे बघत विचार करते, ते काढ. तू तिथे नव्हतीस. ती काय करते ते बघ, मोबाईलवर सिरियल लावत असेल तर सिरियल लिही.

रविवारी गावात जाशील तेव्हा तिला "पूर्वी कसं होतं" विचारू नकोस, सगळ्यांना देते तेच उत्तर देईल. आज पाणी कधी उतरणार ते विचार. घड्याळ न बघता सांगते का, की अडखळते, आणि तेव्हा हातात काय होतं, तेवढं टिपून मंगळवारपर्यंत मला पाठव.

तुझा काका