टोकन देण्याआधी चेसिस नंबर

प्रश्न: कोथरूडच्या एका गृहस्थांची २०१९ ची पेट्रोल बलेनो ५,१०,००० रुपयांना मिळते आहे. आरसीवर उत्पादनाचा महिना सप्टेंबर २०१९ आहे. या मॉडेलचा फ्युएल पंप कंपनीने परत मागवला होता असे ऐकले. मालक म्हणतात, पंप बदलून झाला आहे, रविवारपर्यंत २५,००० टोकन द्या. पैसे एफडी मोडून देणार आहे. घ्यावी का?

उत्तर: गाडी घेण्यास माझी हरकत नाही, मात्र रविवारी टोकन देऊ नये. आपण ऐकलेले खरे आहे, पण ते अर्धेच आहे आणि मालकांचे म्हणणेही कदाचित तितकेच अर्धे असेल.

जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या होत्या. त्यांतील बलेनो ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ या काळात तयार झालेल्या पेट्रोल गाड्या होत्या. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये कंपनीने ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळातील ११,८५१ बलेनो पुन्हा बोलावल्या, या वेळी पंपाच्या मोटरमधील एका भागासाठी. दुसरा काळ पहिल्याच्या पोटात येतो आणि आपली सप्टेंबरची गाडी दोन्हींत बसते. म्हणून "पंप बदलला आहे" या वाक्यावर विचारायचा प्रश्न एकच आहे: कोणत्या साली? उत्तर २०२० असेल, तर २०२४ ची चौकशी बाकीच राहते.

त्या काळात बनलेली प्रत्येक गाडी सदोष असते असेही नाही. आरसीवर फक्त महिना आणि वर्ष असते, त्यामुळे निकाल लागतो तो चेसिस नंबरावरच. हा १७ अक्षरांचा नंबर आरसीवरून उतरवून घ्यावा, गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या नंबराशी अक्षर अक्षर जुळवावा आणि मग कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. तेथे काही दिसले नाही तरी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हाच नंबर देऊन दोन्ही वेळचे काम झाल्याची नोंद विचारावी आणि मालकांकडून जॉब कार्ड मागावे, कारण "काम झाले" आणि "ही गाडी यादीतच नव्हती" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूचना नोंदवलेल्या मालकाच्या फोनवर जाते. माझ्या एका ग्राहकाने जुनी गाडी घेतली तेव्हा ही सूचना आधीच्या मालकाकडे पोहोचली होती आणि त्याने ती जाहिरात समजून पुसून टाकली होती.

काम बाकी निघाले तर काय? ते अधिकृत केंद्रात विनामूल्य होते, म्हणून त्यापोटी किंमत कमी करून मागणे मला पटत नाही. मालकांनी ते करून द्यावे आणि जॉब कार्ड हातात आल्यावर व्यवहार व्हावा, इतकेच मागावे. पंप मिळायला पंधरा दिवस लागले, तर एफडी तितके दिवस तशीच राहील. साडेसहा टक्के दर धरला तर ५,१०,००० वर या पंधरा दिवसांचे व्याज सुमारे १,३६० रुपये होते. घाई मालकांना आहे, आपल्याला नाही.

किंमत कमी करून मागण्याची जागा वेगळी आहे. जो दोष परत बोलावण्यात येत नाही, त्याचा खर्च आपल्या खिशातून जातो. सर्व्हिसचा इतिहास वाचताना एकच तक्रार दोन-तीनदा लिहिलेली दिसते का, आणि दुरुस्तीनंतरही ती पुन्हा आली का, हे पाहावे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिन आपण स्वतः सुरू करावे. चावी फिरवताच मागच्या सीटखालून पंपाची क्षणभर घुरघुर येते. स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला, किंवा चांदणी चौकाच्या चढावर गाडी दचकली वा बंद पडली, तर पंपाचा संशय धरावा. मात्र फिल्टर, बॅटरी किंवा इग्निशन कॉइल यांचीही लक्षणे बरीचशी अशीच असतात, त्यामुळे मेकॅनिककडून इंधनाचा दाब मोजून घ्यावा. त्यातून निघालेल्या दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्यावा आणि तेवढी रक्कम ५,१०,००० मधून वजा करून बोलणी करावी.

टोकन द्यावेच लागले, तर पावतीवर चेसिस नंबर लिहून घ्यावा आणि "२०२० व २०२४ च्या रिकॉलचे काम बाकी निघाल्यास ते विक्रेत्याने पूर्ण करून द्यावे, अन्यथा रक्कम परत" असे वाक्य घालावे. मालकांनी या वाक्याला नकार दिला, तर २५,००० रुपये आपल्याच खात्यात राहू द्यावेत. आरटीओत नाव बदलल्यानंतर सर्व्हिस सेंटरमध्येही आपला फोन नंबर नोंदवावा, कारण आरटीओतील बदल कंपनीच्या नोंदीत आपोआप जाईल असे गृहीत धरता येत नाही.